दोरीवरची पँट आणि फोनमधलं कपाट

*ताई, रोज सकाळी कपाटासमोर माझी २०-२५ मिनिटं जातात. म्हणून सगळ्या कपड्यांचे फोटो काढून फोनमध्ये यादी करायला घेतली. एका रविवारी रात्री पलंगावर कपडे पसरून ४० फोटो काढले, त्यातले २२ एका ॲपमध्ये भरले. ॲप प्रत्येक कपड्याचा ब्रँड, किंमत, कापड, खरेदीची तारीख विचारत बसलं, तेव्हा कंटाळून सोडून दिलं. जे भरले त्यात गडद निळा कुर्ता काळा दिसतो आणि पांढरा शर्ट पिवळट. सकाळी ॲप उघडते, २२ चित्रं बघते आणि पुन्हा कपाटासमोरच जाऊन उभी राहते. घरचे हसतात. ॲप चुकीचं निवडलं का? त्यापेक्षा शीट करू का? की हा प्रकारच माझ्यासाठी नाही?*

*– रोज पाच मिनिटं उशिरा पोचणारी*

ॲप बदलून फरक पडणार नाही. तुमची गाडी दोन ठिकाणी अडली आहे आणि दोन्ही ठिकाणं ॲपच्या आधीची आहेत. एक म्हणजे फोटो रात्रीच्या दिव्यात काढलेत. दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं, म्हणजे तुम्ही यादी कपड्यांची केलीत. सकाळी सव्वाआठला आपल्याला कपडे निवडायचे नसतात, जोडी निवडायची असते: वरचं, खालचं, वर ओढणी किंवा जॅकेट असलं तर ते, आणि पायात काय. २२ सुटी चित्रं बघून मनातल्या मनात जोड्या लावायच्या म्हणजे तेच काम, फक्त कपाटाऐवजी पडद्यावर. उलट कपाटात निदान हात लावून बघता येतं.

तेव्हा सुट्या कपड्यांचे फोटो हा कच्चा माल समजा. निवांत वेळी त्यातून जोड्या लावून ठेवायच्या आणि सकाळी फक्त जोड्या बघायच्या, त्याही आज घालता येतील एवढ्याच. हे ‘आज घालता येतील एवढ्याच’ बहुतेक जण विसरतात. त्यावर पुढे सविस्तर येते, कारण खरी गोम तिथेच आहे.

आधी, कोणत्या कपड्यांचे फोटो काढायचे? ‘सगळ्या’ हा शब्द सोडून द्या. आतले कपडे, मोजे, रात्री घालायचे, घरात घालायचे, वर्षातून एकदा निघणारे, हे सगळं बाहेर. ज्याच्यापाशी सकाळी तुमचा हात घुटमळतो तेवढंच घ्यायचं. आणि ते एका रविवारात उरकायला जाऊ नका. माझी पद्धत अशी आहे: पुढचे दोन आठवडे दोरीवरून वाळलेले कपडे काढलेत, घडी किंवा इस्त्री केलीत, की कपाटात ठेवण्याआधी त्यांचा फोटो काढायचा. एका वेळी चार-पाचच असतात, दहा मिनिटांत होतात. आणि गंमत म्हणजे दोरीवर तेच कपडे येतात जे तुम्ही खरोखर घालता. दोन आठवड्यांनी तुमच्याकडे वापरातल्या कपड्यांची यादी आपोआप तयार असते. जे या काळात दोरीवर आलेच नाहीत त्यांची घाई नाही. त्यातले काही नंतर घ्या, काहींना तसंच राहू द्या.

आता रंगाचं. तुमचा निळा कुर्ता काळा आणि पांढरा शर्ट पिवळट का झाला, हे कळलं तर पुन्हा तसं होणार नाही. फोनचा कॅमेरा समोरचं दृश्य बघून दोन गोष्टी स्वतः ठरवतो. प्रकाश किती घ्यायचा, आणि पांढरं कशाला म्हणायचं. रात्री खोलीत पिवळसर दिवा असेल तर त्याचा पिवळेपणा कॅमेरा कमी करू बघतो, पण पूर्ण जात नाही. त्यात बाजूच्या खोलीतून ट्यूबचा निळसर उजेड येत असेल तर मग त्याचा गोंधळच उडतो, कारण एकाच फोटोत दोन तऱ्हेचे उजेड आले की दोन्ही एकदम दुरुस्त होत नाहीत. शर्टाची एक बाही पिवळी आणि दुसरी निळसर आलेली मी माझ्याच फोटोंत पाहिली आहे. गडद कपड्यांची कथा वेगळी. पांढऱ्या चादरीवर गडद निळा कुर्ता ठेवला की चादर फार उजळ दिसते म्हणून कॅमेरा सगळा फोटोच थोडा काळवंडतो. चादर ताळ्यावर येते, पण कुर्त्यात निळं जेवढं होतं तेवढं अंधारात बुडतं.

यावर उपाय साधे आहेत. दिवसा, खिडकीच्या समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीवर, थेट ऊन पडत नसेल अशा जागी कपडा टांगा आणि खोलीतले दिवे बंद करा. सकाळी उशिरा किंवा दुपारी एकच वेळ धरलीत तर सगळे फोटो एकमेकांशी जुळतील. मागे पांढऱ्याऐवजी फिकट राखाडी चादर लावा. पांढरा शर्ट तिच्यावर उठून दिसतो, काळी पँटही दिसते आणि कॅमेऱ्याला प्रकाशाचा अंदाज बरा येतो. ॲप पार्श्वभूमी आपोआप कापत असेल तर राखाडीचा आणखी एक फायदा आहे. पांढऱ्यावर पांढरं असलं की कॉलर नाही तर बाहीची कड कापली जाते आणि शर्टाला कोणीतरी उंदरासारखं कुरतडल्यासारखं दिसतं.

मी हे कसं करते ते सांगते. दाराच्या मागच्या हुकाला हँगर. दारावर राखाडी चादर, वरच्या दोन टोकांना चिमटे. जमिनीवर चिकटपट्टीचा एक तुकडा, तिथे पाय ठेवून उभं राहायचं, म्हणजे प्रत्येक फोटो सारख्याच अंतरावरून येतो. फोन छातीच्या उंचीवर सरळ धरायचा. वरून खाली वाकवलात तर कुर्ता वर रुंद आणि खाली निमुळता दिसतो, आणि पुढे जोडी लावताना लांबी फसवते. कपड्यावर बोट टेकवलं की बहुतेक फोनमध्ये उजेडाची छोटी पट्टी किंवा सूर्याचं चिन्ह येतं. गडद कपड्याला ते जरासं वर सरकवायचं. फार बारीक रेघांच्या शर्टावर पडद्यावर पाण्यासारख्या लाटा दिसल्या तर घाबरू नका, कापड ठीक आहे. एक पाऊल मागे-पुढे झालं की त्या बहुधा जातात.

आणि चिठ्ठी. हे मी माझ्या चुकीतून शिकले. पहिल्या खेपेला मी ६० फोटो काढले आणि मग कोणता कोणाचा हे गॅलरीत शोधत बसले. आता कागदाच्या छोट्या चिठ्ठीवर क्रमांक लिहून ती कपड्याच्या खालच्या कडेला चिमट्याने अडकवते. वरच्या कपड्यांना व१, व२, व३ आणि खालच्यांना ख१, ख२. क्रमांक फोटोतच असतो, त्यामुळे फोटो कुठेही भरकटला तरी ओळख सुटत नाही.

रंग बरोबर आला की नाही हे तपासायचं तर दिव्याखाली जाऊ नका. त्याच खिडकीत, कपड्याशेजारी फोन धरून बघा. त्याआधी फोनचा रात्रीचा पिवळसर पडदा बंद आहे ना, ते बघून घ्या. एकदा मी अर्धा तास सगळे फोटो पिवळे आले म्हणून चिडले होते. पिवळा झाला होता माझा पडदा. फोटो ठीक होते.

आता शीट. गूगल शीट्स घ्या, एक्सेल घ्या, काहीही चालेल. मी गूगलचं सांगते कारण ती फोनवर आणि संगणकावर एकच राहते. ब्रँड, किंमत, तारीख यांचे रकाने काढून टाका. ‘हा शर्ट कधी घेतला’ या प्रश्नाचं उत्तर सकाळी कोणालाच लागत नाही. माझ्या पहिल्या शीटमध्ये २३ रकाने होते, त्यातले १७ मी एकदाही बघितले नाहीत. तुम्ही ‘कपडे’ नावाच्या पानावर सहाच ठेवा: क्रमांक, फोटो, प्रकार, रंग, कुठे चालेल (ऑफिस, बाहेर, दोन्ही), आणि स्थिती. स्थितीत फक्त चार शब्द येऊ द्या आणि ते यादीतून निवडायची सोय करा, हाताने टंकायचे नाहीत: कपाटात, धुण्यात, इस्त्रीला, दुरुस्तीला.

फोटो शीटमध्ये घालताना संगणकावर Insert, मग Image, मग Insert image in cell असं निवडा. म्हणजे फोटो चौकटीत बसतो, शीट वर-खाली केली तरी तरंगत नाही. काही जण फोटो गूगल ड्राइव्हवर ठेवून IMAGE हे सूत्र वापरून त्याचा पत्ता देतात. तिथे चौकट रिकामीच राहते, कारण ते सूत्र drive.google.com वरचे पत्ते घेत नाही. तुमची चूक नाही ती. फोटो आधी चौकोनी कापून लहान करा, ८०० पिक्सेलच्या आसपास पुरे. फोनचे मूळ फोटो तसेच घातलेत तर ४० कपड्यांनंतर शीट उघडताना तुम्हाला जांभया येतील.

दुसरं पान ‘जोड्या’. यात A रकान्यात जोडीचा क्रमांक, B मध्ये वरचा कपडा, C मध्ये खालचा, D मध्ये ओढणी-जॅकेट-पायताण जे लागेल ते दोन शब्दांत, E मध्ये शेवटचं कधी घातली, आणि F मध्ये ‘आज तयार आहे का’. हा F हाताने भरायचा नाही. F2 मध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=IF(VLOOKUP(C2,'कपडे'!A:F,6,FALSE)="कपाटात","तयार","")
```

याचा अर्थ एवढाच: या जोडीतला खालचा कपडा ‘कपडे’ पानावर शोध, त्याची स्थिती बघ, कपाटात असेल तर ‘तयार’ लिही, नाही तर रिकामं सोड. वरच्या कपड्याची चौकशी मी मुद्दाम ठेवलेली नाही. का, ते लवकरच कळेल.

इथे एक खड्डा आहे, त्यात मराठीत टंकणारे हमखास पडतात. एका ठिकाणी तुम्ही ‘ख२’ लिहिता, दुसऱ्या ठिकाणी कीबोर्ड बदललेला असतो आणि ‘ख2’ पडतं. डोळ्याला फारसं जाणवत नाही, शीटला मात्र ही दोन वेगळी नावं आहेत. मग #N/A दिसतं आणि वाटतं सूत्रच बिघडलं. ‘ख२’ पुढे चुकून एक जागा सुटली तरी तेच होतं. म्हणून C रकान्यातही टंकायचं नाही, ‘कपडे’ पानावरच्या क्रमांकांची यादी तिथे जोडायची आणि निवडायचं.

जोड्या कशा लावायच्या यासाठी माझ्या मावसबहिणीचं उदाहरण देते. तिची परवानगी घेतली आहे, अट एवढीच की पँटांचे रंगसुद्धा नीट सांगावेत. तिच्याकडे ऑफिसला आणि बाहेर चालतील असे ११ वरचे कपडे आणि ४ खालचे: ख१ काळी पँट, ख२ क्रीम पँट, ख३ निळी जीन्स, ख४ तपकिरी नक्षीची पलाझो. हिशेबाने ४४ जोड्या होतात. तिने एका दुपारी चारही खालचे कपडे पलंगावर ओळीने ठेवले आणि एकेक वरचा कपडा घेऊन चौघांवर धरून बघितला. जिथे क्षणभरही ‘चालेल बहुतेक’ असं वाटलं तिथे नाही म्हणायचं, असं ठरवलं होतं. १९ जोड्या उरल्या. त्या १९ तिने अंगात घालून बघितल्या, खुर्चीत बसली, हात वर केला, आरशात एकेक फोटो काढला. हे टाळू नका. हँगरवरचा फोटो कापड पारदर्शक आहे का, बाही काखेत काचते का, कुर्त्याची चीर नेमकी कुठे उघडते, यातलं काहीच सांगत नाही. आणि सकाळी तुम्ही बघणार तो हा आरशातला फोटो, हँगरवरचा नव्हे.

१९ ऐकायला भरपूर वाटतात. तरी तिची तक्रार तुमच्यासारखीच होती, बुधवार उजाडला की घालायला काही नाही. मग आम्ही C रकान्यात कोण किती वेळा आलंय ते मोजलं:

```
=COUNTIF(C:C,"ख२")
```

उत्तर आलं ९. काळ्या पँटवर ५, जीन्सवर ४, पलाझोवर अवघी १. म्हणजे जवळजवळ निम्म्या जोड्या एका क्रीम पँटवर उभ्या होत्या. आता तिचा आठवडा बघा. सोमवारी आवडती म्हणून क्रीम पँट घालायची. संध्याकाळी ती धुण्यात. क्रीम रंग, त्यामुळे दोनदा घालायची सोय नाही. १९ मधल्या ९ जोड्या तिथेच संपल्या, उरल्या १०. मंगळवारी काळी, ५ आणखी गेल्या. बुधवारी उरतात जीन्सच्या ४ आणि पलाझोची १. जीन्स तिच्या ऑफिसात चालत नाही. म्हणजे बुधवारी सकाळी कपाटात ११ वरचे कपडे लटकत असताना तिच्याकडे प्रत्यक्षात एकच जोडी होती, आणि तीही तिला फारशी न आवडणारी. ती २५ मिनिटं निवडत नव्हती. नसलेली गोष्ट शोधत होती, आणि ती गोष्ट दोरीवर ओली लटकलेली होती.

तुमच्याही सकाळी यातलं काही असणार असा माझा दाट संशय आहे. साधारणपणे आपण वरचे कपडे हौसेने घेतो आणि खालचे गरजेपुरते. वर दहा-बारा असतात, त्यातला एक धुण्यात असला तर त्याच पँटवर दुसरा आहे. खाली चार असतात, त्यातला एक गेला की घाऊक जोड्या जातात. म्हणूनच सूत्रात मी फक्त खालच्या कपड्याची स्थिती विचारली. एखादा कुर्ता धुण्यात निघाला तर पुढच्या ओळीतली जोडी घ्यायची, एवढंच.

यामुळे रोजची निगाही सोपी होते. अशा याद्या पहिल्या महिन्यात मरतात त्या बहुतेक याच कारणाने: प्रत्येक कपडा घातला, काढला, धुतला की नोंद करायची. चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी शीट एक सांगते आणि कपाट दुसरंच, मग शीटवरचा विश्वास उडतो. तुम्ही फक्त खालच्या चार-पाच कपड्यांची स्थिती सांभाळा. तीही दोनच वेळी. मशीन लावताना त्यात गेलेल्या पँटांपुढे ‘धुण्यात’, आणि घडी करून कपाटात ठेवताना ‘कपाटात’. आठवड्यात दोनदा मशीन लागत असेल तर चारदा फोन हातात घ्यायचा. एखादी पँट दोनदा घालण्यासारखी असेल तर ती वेगळ्या हुकाला टांगा आणि स्थिती ‘कपाटात’च राहू द्या. त्यासाठी पाचवा शब्द काढू नका. असे शब्द काढायला एकदा सुरुवात झाली की २३ रकान्यांपर्यंत जायला वेळ लागत नाही, अनुभवाने सांगते.

‘शेवटचं कधी घातली’ हा रकाना मात्र ठेवा, त्याच त्या तीन जोड्या फिरत राहू नयेत म्हणून. F मध्ये ‘तयार’ एवढंच गाळून घ्यायचं आणि E वर जुन्या तारखेपासून क्रम लावायचा, म्हणजे बरेच दिवस न घातलेली जोडी वर येते. एक गंमत आहे: जी जोडी अजून एकदाही घातली नाही तिची तारीख रिकामी असते, आणि रिकाम्या चौकटी क्रमात सगळ्यात खाली जातात. नवी जोडी दिसतच नाही. नवीन जोडी भरताना तिला एखादी खूप जुनी, खोटी तारीख देऊन ठेवा, ती थेट वर येईल.

बहिणीने नंतर काय केलं, तर नवा कुर्ता घेतला नाही. क्रीमच्या जवळची, किंचित गडद अशी दुसरी पँट घेतली, ख५. क्रीमवर चालणाऱ्या ९ पैकी ८ कपडे तिच्यावरही चालले. एक लिंबू रंगाचा शर्ट काही जमला नाही. बुधवारची अडचण गेली. आणि नक्षीची पलाझो कपाटातून गेली, कारण एका जोडीसाठी ती टांगून ठेवण्यात अर्थ नव्हता. हे मोजल्याशिवाय दिसलं नसतं, कारण कपाट उघडल्यावर पलाझो तर समोर लटकलेली दिसायचीच.

आता ॲपचं. ॲप वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पार्श्वभूमी कापणं, दोन कपडे शेजारी ठेवून बघणं, कोणत्या दिवशी काय घातलं ते दिनदर्शिकेवर दाखवणं, हे ते शीटपेक्षा देखणं करतात. पण तुमच्या ॲपकडे परत जायचं असेल तर आधी तीन गोष्टी तपासा. पहिली, भरलेली माहिती फोटोंसकट बाहेर काढता येते का. सेटिंगमध्ये एक्सपोर्ट किंवा सीएसव्ही असा काही पर्याय शोधा. तो नसेल तर ॲप बंद पडलं त्या दिवशी तुमचे दोन आठवड्यांचे कष्टही बंद. दुसरी, फुकटच्या आवृत्तीत किती कपड्यांची मर्यादा आहे. ही पाटी बहुधा निम्मं भरून झाल्यावर समोर येते. तिसरी, ब्रँड-किंमत वगैरे रकाने रिकामे ठेवून पुढे जाऊ देतं का. जिथे जाऊ देत नाही ते ॲप तुमच्या कामाचं नाही. आणि दहाच कपडे आणि पाच जोड्या भरून एक आठवडा वापरा, मग ठरवा. फोटोंची परवानगी मागेल तेव्हा सगळी गॅलरी उघडून देऊ नका, निवडक फोटोंपुरती द्या. आयफोनवर आणि नव्या अँड्रॉइड फोनवर तसा पर्याय येतो.

खरं तर तुमच्या जोड्या २० च्या आत निघाल्या तर मी शीटचाही आग्रह धरणार नाही. आरशातले फोटो गॅलरीतल्या एका अल्बममध्ये टाकायचे, आणि अल्बम खालच्या कपड्यांप्रमाणे करायचे: काळी, क्रीम, जीन्स. सकाळी कपाटात कोणती पँट आहे ते बघायचं आणि तो अल्बम उघडायचा. सूत्र नाही, स्थिती नाही, काही नाही. शीट लागते ती मोजायला, कोणत्या कपड्यावर किती भार आहे ते एकदा कळावं म्हणून. त्यानंतर ती महिनाभर बंद राहिली तरी बिघडत नाही.

काढलेले ४० फोटो पुसू नका. त्यांचा रंग चुकलाय, पण कोणते कपडे तुमच्याकडे आहेत ते त्यात आहे. त्यातून आधी फक्त खालचे कपडे वेगळे काढा. किती निघतात ते बघा. चार-पाचच निघाले तर येत्या रविवारी तेवढ्यांचेच फोटो दारामागे, दिवसाच्या उजेडात पुन्हा काढा, आणि प्रत्येकापुढे त्यावर चालणारे वरचे कपडे लिहा. घरचे हसत असतील तर त्यांच्यापैकी एकाला चादरीचं दुसरं टोक धरायला बोलवा, दारावर एकटीने ती सरळ लावणं फार त्रासाचं होतं.